खालची कड, पण दाबाखाली

शंभर बाय शंभर, दहा मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल घ्या. एक पट्टी उभी आणि दुसरी खाली आडवी, म्हणजे इंग्रजी एलसारखा, असा तो २ मीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवा. बरोबर मध्यावर, उभ्या पट्टीच्या माथ्यावर २०० किलो वजन द्या. आता प्रश्न असा, की सर्वांत जास्त ताण कुठे येईल? कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये उत्तर मिळेल, ‘खालच्या पट्टीच्या तळाला’, आणि ते अर्धंच बरोबर आहे. खालच्या कडेचा उभ्या पट्टीकडचा कोपरा, ज्याला अँगलची टाच म्हणता येईल, तो खरोखर ताणला जातो आणि साध्या सूत्रातून येणाऱ्या आकड्याच्या जवळजवळ अडीचपट ताणला जातो. पण त्याच खालच्या पट्टीचं मोकळं टोक तुळईच्या अगदी तळाशी असूनही दाबलं जातं. हे असं का होतं आणि ते मोजायचं कसं, हे एका अँगलवर सविस्तर पाहू. आकडेमोड शाळेतल्या बेरीज-गुणाकारापलीकडची नाही.

आधी साधं वाकणं आठवू. दोन टेकूंवरची तुळई खाली वाकली, की तिचा वरचा भाग थोडा आखडतो, खालचा लांबतो आणि मध्ये कुठेतरी ना आखडणारा ना लांबणारा एक थर राहतो. हा थर काटछेदावर जिथे दिसतो ती रेषा म्हणजे तटस्थ अक्ष. ही रेषा नेमकी कुठे असते हे कळायला माणसाला बराच काळ लागला. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार केला, तेव्हा सगळा काटछेद ताणाखाली असतो आणि तुळई खालच्या कडेभोवती फिरते असं त्याने धरलं होतं. म्हणजे त्याच्या मते दाब सहन करणारा भागच नव्हता. पुढे कूलाँ आणि मग १८२६मध्ये छापलेल्या व्याख्यानांत नाव्हिए यांनी ही गोष्ट मार्गी लावली: तुळईला कुणी लांबीच्या दिशेने ओढत नसेल, तर काटछेदावरचा एकूण ताण आणि एकूण दाब सारखाच असला पाहिजे, आणि त्यासाठी तटस्थ अक्ष काटछेदाच्या गुरुत्वमध्यातूनच जायला हवा. तिथून आजही प्रत्येक डिप्लोमाच्या वर्गात शिकवलं जाणारं सूत्र आलं:

σ = M·y / I

यात M म्हणजे वाकवणारा मोमेंट, y म्हणजे अक्षापासूनचं अंतर आणि I म्हणजे काटछेदाची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता. काटछेद इंग्रजी टीसारखा असला तरी हे सूत्र बिनतक्रार चालतं. तिथे गुरुत्वमध्य रुंद पट्टीकडे सरकलेला असतो, त्यामुळे वरच्या आणि खालच्या कडेवरचे आकडे वेगळे येतात, पण अक्ष आडवाच राहतो, कारण टीचा डावा आणि उजवा भाग सारखा आहे. अँगलचं तसं नाही.

तरीही आधी साधं सूत्रच लावून बघू. आपल्या अँगलचा गुरुत्वमध्य उभ्या पट्टीच्या पाठीपासून २८.७ मिमी आणि तळापासूनही २८.७ मिमीवर येतो. पट्टी दहाचीच जाड असल्याने हा बिंदू लोखंडात नसून दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत पडतो. आडव्या अक्षाभोवती I येतो १८ लाख मिमी⁴. हे सगळे आकडे मी कोपरे काटकोनी धरून काढले आहेत. कारखान्यातून येणाऱ्या अँगलचे कोपरे आतून-बाहेरून थोडे गोलसर असतात, त्यामुळे कोष्टकातले आकडे किंचित वेगळे दिसतील. २०० किलो म्हणजे ढोबळमानाने २,००० न्यूटन. ते २ मीटरच्या मध्यावर असेल, तर मोमेंट येतो १० लाख न्यूटन-मिलिमीटर. अँगलचं स्वतःचं वजन सोडून देऊ. सूत्राप्रमाणे माथ्यावर ३९.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब आणि तळाला, टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे सारखाच, १५.९ ताण. (पुढे फक्त आकडा देतो, एकक हेच.)

या उत्तराची तपासणी करायची एक सोपी पद्धत आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. काटछेदावरच्या आकड्यांपासून प्रत्यक्ष बळं काढायची आणि ती कुठे लागतात ते बघायचं. तटस्थ अक्षाच्या वर फक्त उभी पट्टी आहे. तिथला एकूण दाब येतो सुमारे १४,१०० न्यूटन. अक्षाच्या खाली दोन तुकडे आहेत. उभ्या पट्टीच्या खालच्या भागात सुमारे २,३०० न्यूटन ताण आणि आडव्या पट्टीत सुमारे ११,८०० न्यूटन. बेरीज १४,१००. म्हणजे दाब आणि ताण तंतोतंत जुळले, नाव्हिएची अट पूर्ण झाली. बहुतेक जण इथे वही मिटतात.

पण ही बळं काटछेदावर कुठे लागतात ते पाहा. दाब सगळा उभ्या पट्टीत, म्हणजे पाठीपासून ५ मिमीवर. ताणाचा मोठा हिस्सा, ते ११,८०० न्यूटन, आडव्या पट्टीच्या मध्यावर, पाठीपासून ५५ मिमीवर. एक बळ तुळईच्या लांबीच्या दिशेने ढकलतंय, दुसरं उलट दिशेने ओढतंय आणि दोघांमध्ये आडवं अंतर ५० मिमी आहे. ११,८४० गुणिले ५०, म्हणजे ५ लाख ९२ हजार न्यूटन-मिलिमीटरचा मोमेंट अँगलला बाजूला वाकवू पाहणारा! आपण तर वजन सरळ खाली टांगलं आहे. बाजूने कुणी काही लावलेलं नाही. बाहेरून बाजूचा मोमेंट शून्य असताना आतून तो मूळ मोमेंटच्या ५९ टक्के असूच शकत नाही. म्हणजे ‘अक्ष आडवा आहे’ हे जे आपण सुरुवातीला न बोलताच धरलं, तेच चुकलं.

मग अँगल काय करतो? आडव्या पट्टीतला ताण कमी होईल आणि तिच्या मोकळ्या टोकाकडे उलट दाबही येईल, अशा रीतीने तो खाली वाकता वाकता बाजूलाही वाकतो. आतला बाजूचा मोमेंट शून्य होईपर्यंत त्याचा तटस्थ अक्ष तिरका होत जातो.

किती तिरका, हे शोधायला अँगलच्या स्वतःच्या दिशा ओळखाव्या लागतात. समान बाजूंचा अँगल एका रेषेभोवती सारखा असतो. ती रेषा टाचेतून निघून ४५ अंशांत दोन पट्ट्यांच्या मधोमध जाते. ही कर्णरेषा आणि गुरुत्वमध्यातून तिला काटकोनात जाणारी दुसरी रेषा, हे अँगलचे दोन प्रमुख अक्ष. कर्णरेषेभोवती वाकवायला अँगल फार कडक आहे, कारण दोन्ही पट्ट्यांची टोकं तिच्यापासून लांब आहेत. तिथे I येतो २८.७ लाख. दुसऱ्या रेषेभोवती तो बराच मऊ आहे, I फक्त ७.३ लाख. एका दिशेला कडकपणा दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट. लवचिक फूटपट्टी तिरकी धरून टोकाला सरळ खाली दाबली, की ती सरळ खाली न जाता तिच्या चपट्या बाजूकडे पळते. अँगलचंही तेच आहे, फक्त पोलादात ते डोळ्याला लगेच दिसत नाही.

प्रमुख अक्ष हाती लागले, की पुढचं काम सरळ आहे. आपला १० लाखांचा मोमेंट ४५ अंशांत दोन्हीकडे विभागायचा, म्हणजे प्रत्येक वाट्याला ७ लाख ७ हजार. प्रत्येक वाट्याला ते जुनं साधंच सूत्र लावायचं आणि दोन्ही उत्तरं चिन्हासकट मिळवायची. प्रमुख अक्षांवर साधं सूत्र खरं ठरतं, कारण तिथे बाजूला ढकलणारं काही शिल्लक राहत नाही.

टाच आधी घेऊ. ती कर्णरेषेवरच बसलेली आहे, म्हणून कडक अक्षाकडून तिच्यावर काहीच येत नाही. मऊ अक्षापासून ती ४०.६ मिमी दूर आहे. ७,०७,००० गुणिले ४०.६ भागिले ७,३४,०००, उत्तर ३९.१ ताण. साध्या सूत्राने हाच आकडा १५.९ दिला होता.

आता आडव्या पट्टीचं मोकळं टोक, त्याचा अगदी तळाचा कोपरा. कडक अक्षाभोवतीच्या वाकण्यामुळे तिथे १७.४ ताण येतो. पण मऊ अक्षाच्या हिशेबात हा कोपरा टाचेच्या विरुद्ध बाजूला, ३०.१ मिमीवर पडतो आणि तिथून येतो २९.० दाब. दोन्ही मिळवले, की उरतो ११.६ दाब. सुरुवातीला सांगितलं ते हेच: तुळईचा सगळ्यात खालचा कोपरा आणि तो दाबाखाली. उभ्या पट्टीच्या माथ्यावरही फरक पडतोच. तिथल्या आतल्या कोपऱ्यावर, म्हणजे आडव्या पट्टीच्या बाजूला असलेल्या कोपऱ्यावर, दोन्ही वाटे दाबाचेच आहेत. १५.७ आणि ३५.८, मिळून ५१.५. साध्या सूत्राचा आकडा होता ३९.६.

तटस्थ अक्ष आता कागदावर काढता येतो. तो गुरुत्वमध्यातूनच जातो, ती अट कायम आहे. आडव्याशी त्याचा कोन येतो ३०.६ अंश, आणि या कोनाचा स्पर्शक, म्हणजे टॅन, आहे ०.५९२. मघाशी बाजूचा जो भुताटकीसारखा मोमेंट सापडला होता, तोही मूळ मोमेंटच्या ०.५९२ पटच होता. हा योगायोग नाही. अक्ष आडवा धरल्यावर जितका बाजूचा मोमेंट फुकटचा तयार होतो, त्याच प्रमाणात अक्षाला कलावं लागतं. आपल्या अँगलवर ही रेषा उभ्या पट्टीच्या पाठीला तळापासून सुमारे ४६ मिमी उंचीवर छेदते आणि तिथून उतरत उतरत आडव्या पट्टीच्या तळाला पाठीपासून ७७ मिमीवर बाहेर पडते. तळाची उरलेली २३ मिमी कड तिच्या पलीकडे, दाबाच्या बाजूला.

सर्वांत जास्त ताण शोधण्यासाठी या रेषेला समांतर पट्टी लावायची आणि ती ताणाच्या बाजूला सरकवत न्यायची. काटछेदाचा जो कोपरा तिला सर्वांत शेवटी लागतो, तिथे ताण सर्वांत जास्त. आपल्याकडे ती टाच आहे. उलट बाजूला सरकवली, तर शेवटी लागतो माथ्याचा आतला कोपरा. ‘सर्वांत खाली’ हा नियम फक्त आडव्या अक्षापुरता होता. ‘अक्षापासून सर्वांत दूर’ हा नियम कुठल्याही काटछेदाला चालतो.

हाच अँगल उलटा ठेवला, म्हणजे आडवी पट्टी वर आणि उभी पट्टी खाली लोंबती, तर चिन्हं फिरतात. आता ५१.५चा आकडा ताण बनतो आणि लोंबत्या पट्टीच्या खालच्या आतल्या कोपऱ्यावर बसतो. बिडासारख्या ठिसूळ धातूला दाब खूप सहन होतो आणि ताण फारच कमी, त्यामुळे तिथे अँगल सुलटा ठेवायचा की उलटा, यावरच तुळई टिकणार की तडकणार हे ठरतं. पोलादाला दोन्ही सारखंच, तरीही फरक पैशाचा आणि सुरक्षिततेचा आहे. साध्या पोलादासाठी वाकण्यात १६५ची मर्यादा जुन्या हिशेबात धरत. साधं सूत्र वापरलं, तर हा अँगल मध्यावर सुमारे ८३० किलो पेलेल असं वाटतं. खऱ्या हिशेबाने ती मर्यादा ६४० किलोलाच गाठली जाते. १,००० किलोला साधं सूत्र १९८ दाखवतं, म्हणजे २५०च्या वळणबिंदूपासून, जिथून पोलाद कायमचं वाकायला लागतं तिथपासून, अजून लांब. प्रत्यक्षात तो कोपरा २५८ला पोचलेला असतो.

मग एमआयडीसीतल्या शेकडो शेडच्या छपराखाली अँगलचे पर्लिन वर्षानुवर्षं बिनबोभाट कसे उभे आहेत? कारण तिथे अँगल बाजूला जायला मोकळा नसतो. वरचा पत्रा हुक बोल्टने आवळलेला असतो, मधूनमधून सॅग रॉड असतात, आणि हे सगळं मिळून पर्लिनला बाजूला हलू देत नाही. बाजूला हलणं बंद झालं, की तटस्थ अक्ष पुन्हा आडवा होतो आणि साधं सूत्र खरं ठरतं. फक्त तो बाजूचा ५९ टक्के मोमेंट आता कुणीतरी खरोखर पुरवायला लागतो. आपल्या उदाहरणात वजनाच्या जागीच बाजूचा टेकू दिला, तर २०० किलोच्या उभ्या वजनामागे त्या टेकूवर जवळजवळ ११८ किलोची आडवी ढकल येते. पत्र्याचे बोल्ट आणि सॅग रॉड तीच झेलत असतात. म्हणून मला छपराचा धोक्याचा काळ वाटतो तो पर्लिन लागले आहेत पण पत्रा अजून चढलेला नाही तेव्हाचा. त्या अवस्थेत पर्लिनच्या मध्यावर पत्र्यांची चळत ठेवणं म्हणजे हिशेबात धरलेला आधार नसतानाच हिशेबातलं वजन देणं.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल, तर दोन डायल गेज पुरतात, एक खाली लावलेलं आणि एक बाजूला. टोकं उभी राहतील अशी धरायची, पण मध्याला बाजूला वाकायची मोकळीक ठेवायची. आपल्या २ मीटरच्या अँगलचा मध्य २०० किलोला १.४३ मिमी खाली आणि ०.८४ मिमी बाजूला, उभ्या पट्टीच्या पाठीच्या दिशेने, गेला पाहिजे. दोन आकड्यांचं गुणोत्तर पुन्हा तेच, ०.५९. गेज नसतील, तर अंतर ४ मीटर करा. वाक लांबीच्या घनाने वाढतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाला बाजूची सरक पावणेसात मिलिमीटर होते आणि पाठीला ताणून बांधलेल्या दोरीने ती सहज दिसते.

एक मर्यादा इथे पाळावीच लागते. वजन उभ्या पट्टीच्या रेषेतच हवं. ते आडव्या पट्टीच्या मध्यावर ठेवलं, तर अँगल वाकतो आणि वर पिळलाही जातो. पीळ न पडता वाकायचं असेल, तर बळ काटछेदाच्या एका ठरावीक बिंदूतून जावं लागतं आणि अँगलमध्ये तो बिंदू दोन पट्ट्यांच्या मध्यरेषा मिळतात तिथे, म्हणजे जवळजवळ टाचेतच असतो. गुरुत्वमध्यात नाही. जर्मनीतल्या बाख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चॅनलवर प्रयोग केले, तेव्हा मोजलेले आकडे सूत्राशी जुळेनात. पुढे स्वित्झर्लंडचे पूलबांधणीकार रोबेर मायार यांनी १९२१च्या सुमारास हा बिंदू दाखवून दिला आणि कोडं सुटलं. लांब आणि बारीक अँगलला आणखी एक भीती असते, दाबाखालची पट्टी अचानक बाजूला कोसळण्याची. तिचा हिशेब वेगळा आहे आणि वरच्या आकड्यांत तो धरलेला नाही.

कोष्टकाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आयएस ८०८च्या कोष्टकात प्रत्येक अँगलपुढे चार I छापलेले असतात: आडव्या आणि उभ्या अक्षांचे दोन, प्रमुख अक्षांचे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान असे दोन. घाईत पहिल्या रकान्यातला आकडा उचलला जातो आणि सूत्रात बसवला जातो. तो आकडा चुकीचा नाही, तो बाजूने बांधलेल्या अँगलचा आहे. अँगल मोकळा असेल, तर शेवटचे दोन रकाने घ्यायचे.

शेवटी, बोल्टचं भोक. मोकळ्या अँगलच्या आडव्या पट्टीत पाठीपासून ६० मिमीवर, जिथे शंभरच्या अँगलला साधारणपणे भोक पाडतात, तिथे जाडीच्या मध्यावर ताण जेमतेम साडेचार आहे, कारण तटस्थ अक्ष तिथून अगदी जवळून जातो. तिथलं भोक अँगलला फारसं कमकुवत करत नाही. टाचेवर मात्र वेल्डिंग करताना पडलेला खड्डा किंवा ग्राइंडरची खाच सर्वांत जास्त ताणाच्या जागी येते. तोच अँगल पत्र्याने बांधला गेला, की भोकाच्या जागचा ताण साडेचारवरून तेरावर जातो आणि टाचेचा ३९वरून १६वर उतरतो. भोक कुठे पाडायचं आणि खाच कुठे अजिबात चालणार नाही, हे ड्रॉइंगवर लिहिण्याआधी अँगल बाजूने धरलेला आहे की मोकळा, हे विचारायला हवं.